गॅलरीचं लोखंड वरच्या अंगाला का?

शेवग्याच्या झाडावर चढू नये, असं घरातली मोठी माणसं बजावून सांगतात, कारण त्याची फांदी ठिसूळ. ती मोडते कशी हे ज्याने पाहिलंय त्याला गॅलरीचं निम्मं शास्त्र कळलं. टोकाशी वजन आलं की फांदी वाकते आणि फाटायला लागते ती खोडालगत, वरच्या बाजूने. खालची साल दबते, चुरगळते. तुटतात ते वरचे ताणले गेलेले तंतू. भिंतीतून बाहेर काढलेली, पुढे खांबाचा आधार नसलेली गॅलरी अशीच एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. तीही मोडली तर भिंतीलगत आणि वरून मोडते.

खोलीच्या स्लॅबचं नेमकं उलटं. तो दोन्हीकडे बीमवर टेकलेला असतो, मध्ये खाली वाकतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताणापुढे टिकत नाही. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. म्हणून जिथे ताण, तिथे सळई घालायची, एवढाच आरसीसीचा पाया आहे. खोलीत सळई खाली, गॅलरीत वर.

इतकी सोपी गोष्ट चुकते का? कारण दोन्ही स्लॅब एकाच दिवशी, त्याच माणसांच्या हातून आणि एकाच ओतात होतात. खोलीची जाळी कव्हर ब्लॉकवर, सेंट्रिंगच्या फळीला जवळजवळ चिकटून बसलेली असते. तिच्यावर कितीही माणसं नाचली तरी ती आणखी खाली जाऊन जाणार कुठे? गॅलरीची जाळी मात्र फळीपासून वर, अधांतरी उभी असते, आणि स्लॅबच्या दिवशी जे काही घडतं ते सगळं तिला खाली दाबत असतं. घमेलं घेऊन धावणारी माणसं, पंपाचा जड पाइप, वरून धबाधब पडणारं काँक्रीट, व्हायब्रेटर ओढत नेणारा कामगार, सगळ्यांचा पाय त्याच जाळीवर. सकाळी इंजिनिअरने तपासून सही केलेली जाळी दुपारी चार-पाच सेंटिमीटर खाली बसलेली असते. वरून काँक्रीट घोटून गुळगुळीत झालं की ते कुणाला दिसत नाही.

चार-पाच सेंटिमीटरने काय बिघडतं, हे एका नेहमीच्या गॅलरीवरून पाहू. भिंतीपासून पुढे १.२ मीटर, म्हणजे चार फूट आलेली, १५ सेंटिमीटर जाड आणि कडेला मीटरभर उंचीची अर्ध्या विटेची भिंत असलेली ही गॅलरी आहे. तिचा भिंतीलगतचा एक मीटर रुंदीचा पट्टा घ्या. त्यात स्लॅबचं स्वतःचं वजन ४५० किलो. वरची टाइल, माल, खालचा गिलावा मिळून आणखी १२०. माणसं आणि सामान यांच्यासाठी डिझाइनमध्ये चौरस मीटरला ३०० किलो धरतात, म्हणजे ३६०. कडेच्या विटेच्या भिंतीचे २५०. एकूण ११८० किलो.

पण गॅलरीत नुसतं वजन बघून भागत नाही. ते भिंतीपासून किती दूर आहे हेही बघावं लागतं. स्लॅब आणि माणसांचं वजन सरासरीने मध्यावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर येतं. विटेची भिंत मात्र अगदी टोकाला, १.१५ मीटरवर बसलेली. त्यामुळे एकूण वजनात जेमतेम पाचवा हिस्सा असलेली ही भिंत गॅलरीला वाकवण्याच्या कामात तिसरा हिस्सा उचलते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

हे सगळं वजन मिळून गॅलरीला भिंतीलगत वाकवू पाहतं. त्याला विरोध दोन गोष्टींचा: वरची सळई मागे ओढून धरते आणि खालचं काँक्रीट दाब घेतं. या दोन्हींमध्ये जेवढं उभं अंतर जास्त, तेवढा सळईला कमी जोर लावावा लागतो. सळईवर ३ सेंटिमीटरचं कव्हर ठेवून ती जागेवर राहिली, तर हे अंतर सुमारे १०.५ सेंटिमीटर पडतं. मग सळयांना मिळून साधारण ८ टन ओढ सोसावी लागते. १० मिलिमीटरच्या सळया २० सेंटिमीटरवर एक, म्हणजे मीटरभरात पाच. प्रत्येकीच्या वाट्याला १.६ टन. आज सर्रास मिळणारी ५०० ग्रेडची १० मिलिमीटरची सळई ४ टनांपर्यंत दम धरते आणि मग कायमची लांबायला लागते. म्हणजे भरपूर शिल्लक आहे.

आता तीच जाळी तुडवली जाऊन स्लॅबच्या मध्यावर आली असं समजा. अंतर सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास उरतं आणि त्याच वजनासाठी प्रत्येक सळईला २.७ टन ओढ सोसावी लागते. गॅलरी पडणार नाही, पण डिझाइन करणाऱ्याने सुरक्षिततेसाठी ठेवलेली शिल्लक बरीचशी खाऊन संपली. जाळी आणखी खाली, तळापासून चार सेंटिमीटरवर बसली तर अंतर साडेतीन सेंटिमीटर राहतं आणि प्रत्येक सळईकडे ४.८ टनांची मागणी येते. ती आहे ४ टनांची. लोखंडाचं बिल तेवढंच, नकाशावरची संख्याही तीच, आणि तरी गॅलरीला तिचं नेहमीचं वजनसुद्धा या सळयांच्या भरवशावर पेलत नाही.

मग चुकीचं लोखंड असलेली गॅलरी सेंट्रिंग काढताक्षणी का पडत नाही? कधी कधी पडतेही. पण पुष्कळदा ती वर्षानुवर्षं उभी राहते, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे. काँक्रीटला ताण सोसत नाही असं आपण म्हणतो, पण अजिबात सोसत नाही असं नाही. वर घेतलेल्या गॅलरीत काँक्रीट चांगल्या प्रतीचं असेल आणि कुठेही तडकलेलं नसेल, तर हिशेबाप्रमाणे ते लोखंडाच्या मदतीवाचून सगळं वजन दीडपट पेलू शकतं. म्हणजे तडा जाईपर्यंत वरचं लोखंड जवळजवळ रिकामंच बसलेलं असतं. मालक चार माणसं घेऊन गॅलरीत उभा राहतो, काही होत नाही, आणि काम पक्कं झालं अशी त्याची खात्री पटते. त्या दिवशी त्याने लोखंडाची परीक्षा घेतलेलीच नसते.

तडा मात्र आज ना उद्या जातो. काँक्रीट सुकताना आकसतं. उन्हात तापलेली गॅलरी आणि सावलीतला आतला स्लॅब एकाच मापाने हलत नाहीत. कुठे गॅलरी दुसऱ्या दिवशी ओतलेली असते आणि जोड नेमका भिंतीच्या रेषेत येतो. कुठे पाइपसाठी कुणी छिन्नी चालवलेली असते. तडा गेला की तिथला सगळा ताण एका क्षणात लोखंडावर येतो. लोखंड जागेवर असेल तर ते ओढ घेतं, तडा केसाएवढा राहतो, गॅलरी उभी राहते. लोखंड तळाशी असेल तर तडा वरून खाली सरसर उतरतो आणि अडवायला वाटेत कुणीच नसतं. मिरवणूक बघायला कठड्याशी गर्दी झाली आणि गॅलरी कोसळली, तर दोष गर्दीच्या माथी मारला जातो. गर्दीने शेवटचा जोर लावला हे खरं, पण डिझाइनमध्ये ती गर्दी धरलेलीच असते.

लोखंड वर ठेवायचं कसं, याची युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. जाळीखाली १० किंवा १२ मिलिमीटरच्या सळईच्या वाकवलेल्या खुर्च्या द्यायच्या, त्यांना साइटवर चेअर म्हणतात. त्या दोन-अडीच फुटांवर एक हव्यात. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार ठेवून उपयोग नाही. माणसांना चालायला जाळीवर न टेकणाऱ्या फळ्या टाकायच्या. गॅलरी ओतताना एक फिटर तिथेच उभा हवा. ओतून झाल्यावर आकड्याने जाळी वर खेचून घेऊ, या आश्वासनावर विसंबू नये. सळई वर येते आणि पाठ फिरताच पुन्हा बसते. काँक्रीट ओलं आहे तोवर भिंतीलगत एक जाड तार उभी खुपसून पाहावी. नकाशातल्या कव्हरएवढ्या, म्हणजे इथे ३ सेंटिमीटरच्या आसपास ती सळईला टेकली पाहिजे. सात-आठ सेंटिमीटर आत गेली तरी काही लागत नसेल, तर काम थांबवण्याची वेळ तीच.

वर असलेली सळई मागे कुठवर गेली आहे, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न. भिंतीशी ८ टनांनी ओढली जाणारी सळई दुसऱ्या टोकाला कुणीतरी घट्ट धरलेली हवी. काँक्रीटची पकड बसायला आपल्या उदाहरणातल्या सळईला जवळजवळ अर्धा मीटर लांबी लागते. त्याखेरीज गॅलरीने आतल्या खोलीच्या स्लॅबवर आपलं वाकणं टाकलेलं असतं, ते हळूहळू विरायला जागा हवी. म्हणून गॅलरी जितकी बाहेर आली आहे त्याच्या दीडपट सळई आत न्यायची, ही चांगली पद्धत. आपल्या गॅलरीसाठी १.८ मीटर. बीममध्ये वाकवून तिथेच संपवलेली सळई वरून सुंदर दिसते, पण तेव्हा सगळं वाकणं बीमला पिळून काढतं, आणि बीम त्या पिळासाठी डिझाइन केलेला नसेल तर तोच तडकतो.

इथे आपल्याकडचा एक खास घोटाळा होतो. पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून गॅलरी खोलीपेक्षा दोन-तीन इंच खाली घेतात. ते बरोबरच आहे. पण गॅलरीच्या वरच्या अंगाची सळई सरळ आत गेली, तर ती खोलीच्या स्लॅबच्या खालच्या अंगाला पोहोचते. म्हणजे बाहेर वर असलेली सळई आत जाऊन नेमकी चुकीच्या बाजूला बसते. तिला बीमच्या आत वर कसं न्यायचं, की बीमच पिळासाठी तयार करायचा, हे डिझाइन करणाऱ्याने वेगळं काढून दाखवायला हवं. नकाशात त्या जागेचा छेद नसेल तर तो मागून घ्यावा. साइटवरच्या फिटरने तिथल्या तिथे ठरवण्याची ही गोष्ट नाही.

विटांच्या भिंतीवर उभ्या असलेल्या साध्या घरांत आणखी एक धोका असतो. तिथे गॅलरी किंवा छज्जा केवळ भिंतीत अडकवलेला असतो आणि वरच्या भिंतीच्या वजनाने दाबून धरलेला असतो. वरची भिंत चढण्याआधी टेकू काढले तर स्लॅब न मोडताच अख्खा पुढे कलंडतो. टेकू काढण्याचा क्रमही ठरलेला आहे: मोकळ्या टोकाकडून सुरुवात करून भिंतीकडे यायचं, म्हणजे गॅलरी हळूहळू आपल्या खऱ्या कामाला लागते. आणि घाई करायची नाही. कोवळ्या काँक्रीटवर वजन टाकलं की ते त्या दिवशी तुटलं नाही तरी पुढे वर्षानुवर्षं जास्त वाकत राहतं.

वाकणं आणि तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोखंड बरोबर जागी असलेली गॅलरीही लवते, कारण काँक्रीट सतत भाराखाली राहिलं की सावकाश दबत जातं. किती लवणार हे तिच्या लांबीवर विलक्षण अवलंबून असतं. जाडी आणि पसरलेलं वजन तेच ठेवून चार फुटांची गॅलरी सहा फूट केली, तर टोक पाचपट लवतं. म्हणूनच आयएस ४५६ या आपल्या मानकात दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबला जाडीच्या २० पट लांबीपासून हिशेब सुरू करायला परवानगी आहे, तर गॅलरीला फक्त ७ पटीपासून. घरमालकाने ऐन वेळी “अजून दोन फूट पुढे काढा” म्हणणं किती महाग आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं.

याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आहे. फ्रँक लॉइड राइट यांनी कॉफमन कुटुंबासाठी १९३०च्या दशकात ‘फॉलिंगवॉटर’ हे घर बांधलं, धबधब्यावर सुमारे १५ फूट पुढे झेपावलेल्या गच्च्यांचं. मालकाच्या सल्लागार इंजिनिअरांना मुख्य गच्चीच्या बीममधलं लोखंड कमी वाटलं आणि ते दुप्पट घातलं गेलं. राइट यावर संतापले. तरीही सेंट्रिंग काढताच टोक पावणेदोन इंच खाली आलं. पुढच्या साठ वर्षांत ते जिरत जिरत सात इंचांच्या घरात गेलं. रॉबर्ट सिलमन यांच्या कार्यालयाने केलेल्या तपासणीत दिसलं की बीमच्या वरच्या अंगाचं लोखंड दुप्पट करूनही अपुरंच होतं. १९९७मध्ये खालून तात्पुरते टेकू लागले आणि २००२मध्ये बीमच्या बाजूने पोलादी केबल ताणून लवणं थांबवण्यात आलं. गच्ची मूळ पातळीवर आणायचा प्रयत्न त्यांनी केला नाही; तो केला असता तर नव्या ठिकाणी तडे गेले असते. मला या घटनेत राइट यांच्या हट्टापेक्षा ते जादा लोखंड जास्त मोलाचं वाटतं. ते अपुरं असेल, पण वर होतं, म्हणून घर साठ वर्षं लवत राहिलं आणि तरी उभं राहिलं.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, तिसरा शत्रू पाणी. गॅलरीचा वरचा अंग ताणलेला, म्हणजे तिथेच बारीक तडे. आणि पाऊस साचतो तोही वरच. खारी हवा आणि पाणी तड्यातून सळईपर्यंत जातं, सळई गंजते आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे भोवतालचं काँक्रीट फुटतं. खोलीत असं झालं तर छताचे पोपडे गळतात, सळई उघडी पडते, माणूस वेळीच जागा होतो. गॅलरीत मुख्य सळई टाइलच्या खाली झाकलेली. खालच्या मजल्यावरून पाहिलं तर गिलावा स्वच्छ, रंग ताजा, आणि वर सळई निम्मी खाऊन गेलेली. जुन्या इमारतीत गॅलरीचा तळ पाहून ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

मग वरून काय पाहायचं? भिंत आणि गॅलरी यांच्या सांध्याला समांतर जाणारा तडा, टाइल बदलल्यावरही त्याच ओळीत पुन्हा उमटणारा. कठड्याची बाजू इमारतीच्या भिंतीला भिडते तिथे वर रुंद आणि खाली निमुळती फट. पूर्वी नळीकडे वाहणारं पाणी आता बाहेरच्या कडेला साचणं. सांध्यातून पाझरणारे तांबूस डाग. यातलं काही दिसलं तर तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकावी. पट्टी फुटली तर तडा अजून चालतोय. खरी तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायची: सळई किती खोल आहे ते कव्हर मीटरने मोजायचं, भिंतीलगतच्या दोन-तीन टाइल उचलून सळई डोळ्यांनी पाहायची. या कामाला मोठा ब्रेकर लावू नये. वॉटरप्रूफिंगसाठी जुना थर फोडताना भिंतीलगतची सळईच कापली जाते, आणि त्यावर जाड कोबा घातला की वजन वाढतं आणि लोखंड घटतं, एकाच दिवशी.

धोका वाटत असेल तर टेकू थेट जमिनीपर्यंत न्यावेत. वरच्या गॅलरीचा टेकू खालच्या गॅलरीवर उभा केला तर दुबळ्या गॅलरीचं ओझं तितक्याच वयाच्या दुसऱ्या गॅलरीवर जातं. पुढची दुरुस्ती नव्या सळया वरून घालून, मागच्या स्लॅबमध्ये पुरेशा खोल रुजवून करायची, किंवा खालून पोलादी ब्रॅकेट देऊन. तळाला सिमेंटचा लेप देऊन आणि रंग काढून ताणाच्या बाजूला काहीच पोहोचत नाही.

दुरुस्ती ठरेपर्यंतही एक गोष्ट लगेच करता येते. कडेची विटेची भिंत हलक्या हाताने, ब्रेकर न लावता उतरवून तिथे लोखंडी रेलिंग बसवावं. आपल्या उदाहरणातल्या गॅलरीत तेवढ्यानेच वाकवणारा जोर जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. कुंड्यांची रांग, पाण्याची टाकी, वॉशिंग मशीन कठड्याजवळून भिंतीकडे सरकवावं. आणि गॅलरी बंद करून खोली वाढवायचा बेत असेल, तर टोकाला विटांची भिंत चढवण्याआधी इंजिनिअरकडून हाच हिशेब मांडून घ्यावा, त्या भिंतीचं वजन आणि तिचं अंतर धरून.